पाटातून मिनिटाला किती पाणी जातं?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिकच्या वर गंगापूर धरणात अडते. हे मातीचं धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. धरणातून सुटलेलं पाणी पुढे कालव्याला लागलं, की त्याचा हिशेब सुरू होतो. आवर्तनाच्या काळात कालव्याच्या शेपटाला बसलेल्या शेतकऱ्याला एकच गोष्ट हवी असते, आपल्या चारीला खरोखर किती पाणी आलं.

मातीतला कालवा खणताना बाजू सरळ उभ्या ठेवल्या, तर त्या पहिल्याच पाण्यात ढासळतात. म्हणून त्या तिरप्या ठेवतात आणि कालव्याचा छेद समलंब चौकोनाचा होतो, तळाशी अरुंद आणि वर रुंद. समजा, एका चारीचा तळ १.२ मीटर रुंद आहे, पाणी ०.६ मीटर खोल आहे आणि बाजूचा उतार असा आहे की एक मीटर उंचीला काठ दीड मीटर बाहेर जातो. म्हणजे ०.६ मीटर उंचीला प्रत्येक बाजूने ०.९ मीटर. पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी भरते ३ मीटर. तळ आणि पृष्ठभाग यांच्या रुंदीची सरासरी २.१ मीटर. तिला खोलीने गुणलं की छेदाचं क्षेत्रफळ १.२६ चौरस मीटर येतं.

आता वेग. चारीचा सरळ, स्वच्छ असा ३० मीटरचा टप्पा निवडायचा आणि दोन्ही टोकांना काठावर खुंट्या ठोकायच्या. पाण्यात अर्धवट बुडून तरंगणारी वस्तू, उदाहरणार्थ नारळ, वरच्या खुंटीच्या थोडी आधीच प्रवाहाच्या मध्यावर सोडायची, म्हणजे खुंटीजवळ येईपर्यंत ती पाण्याचा वेग घेते. वारा जोरात असेल तर हे माप घेऊ नये. तीन-चार वेळा वेळ घेऊन सरासरी ६० सेकंद आली, तर वेग मिनिटाला ३० मीटर. शाळेच्या गणितात इथेच गुणाकार होतो: १.२६ गुणिले ३०, म्हणजे मिनिटाला ३७.८ घनमीटर.

प्रत्यक्ष चारीत मात्र इतकं पाणी जात नाही. नारळ पृष्ठभागावरून जातो आणि पृष्ठभागावर, त्यातही मध्यभागी, पाणी सगळ्यात वेगाने धावतं. तळाशी आणि काठालगत मातीशी घासून ते मंदावतं. म्हणून नारळाच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढतात. तो येतो मिनिटाला २५.५ मीटर आणि विसर्ग ३२.१ घनमीटर, म्हणजे सुमारे १९ क्यूसेक. शाळेच्या उत्तराशी फरक मिनिटाला जवळपास पावणेसहा घनमीटरचा. चोवीस तासांत तो सुमारे ८,१६० घनमीटर होतो. एका हेक्टरावर ८ सेंटीमीटर पाणी द्यायला ८०० घनमीटर लागतात, म्हणजे दहा हेक्टरांची एक पाळी कागदावर दिली गेली आणि शेतात पोहोचलीच नाही.

दुसरी गफलत खोलीत होते. समलंब छेदात वरचा पट्टा सगळ्यात रुंद असतो, त्यामुळे पातळी १० सेंटीमीटरने उतरली, तर खोली सहाव्या हिश्श्यानेच घटते. क्षेत्रफळ मात्र १.२६ वरून ०.९७५ चौरस मीटरवर येतं, म्हणजे जवळपास पावहिस्सा कमी. पट्टीवर थोडंसं उतरलेलं दिसणारं पाणी शेतात बरंच कमी पडतं ते यामुळे.

आणि गाळ. तळावर १० सेंटीमीटर गाळ साचला, पण काठावरच्या जुन्या खुणेवर ०.६ मीटर वाचलं गेलं, तर खरा छेद १.१२५ चौरस मीटरच उरलेला असतो. वेग तोच मोजला गेला, तरी मिनिटाला सुमारे साडेतीन घनमीटर पाणी फुगवून लिहिलं जातं. अशी शंका आल्यावर काठी थेट तळाला टेकवून पाहावी. मऊ गाळात ती रुतत गेली, तर पट्टीवर विश्वास ठेवू नये. तळाचा गाळ आणि काठाचं गवत काढूनच मोजणी करावी.

नाशिक जिल्ह्यातच या मोजणीला प्रतिष्ठा मिळाली. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी वाघाड प्रकल्पाच्या शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. हेक्टरावर आकारणी करण्याऐवजी पाणी घनमापाने मोजून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मोजून घेतलेलं पाणी कसं वाटायचं, हे संस्थेच्या हातात आलं आणि शेपटाच्या शेतकऱ्यालाही आपल्या वाट्याचा जाब विचारता आला. पुढे २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद राज्यभर झाली.

संस्थेच्या रोजच्या हिशेबासाठी चारीच्या तोंडाशी बांधलेलं फ्ल्यूमसारखं मोजमाप यंत्रच वापरावं. तरंगत्या नारळाची रीत अंदाजाची आहे. पण यंत्राची नोंद आणि शेतातलं पाणी यांचा मेळ बसत नसेल, तर यंत्राच्या खालच्या स्वच्छ टप्प्यावर टेप, काठी आणि घड्याळ घेऊन दोघांनी मोजावं, दुरुस्त सरासरी वेग लावावा आणि तो आकडा तारीख-वेळेसह वहीत लिहून संस्थेच्या पुढच्या बैठकीत मांडावा.