एक लॅपटॉप, चार कंट्रोलर

हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप एकच, खेळणारे चौघे आणि इंटरनेट नाही, अशा वेळी घोडं गेमपाशी नाही, कंट्रोलरपाशी अडतं. स्वस्तातले चार यूएसबी कंट्रोलर हबला जोडले, लॅपटॉपने आवाजही केला, पण गेम त्यांना ओळखच देत नाही. मग मुलं ते परत करायला निघतात. खरं तर कंट्रोलर चांगले असतात.

विंडोजमध्ये कंट्रोलर दोन पद्धतींनी चालतात, जुनी डायरेक्टइनपुट आणि नंतरची एक्सइनपुट. बरेच नवे गेम फक्त दुसरीच जाणतात आणि स्वस्त कंट्रोलर बहुधा पहिल्या पद्धतीचे असतात. आपला कोणता, हे पाहायला विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून `joy.cpl` टाइप करा. यादीत Xbox 360 असं नाव दिसलं तर तो एक्सइनपुट. Generic किंवा USB Joystick असलं तर बहुधा जुना. कंट्रोलरवर होम किंवा मोड बटण असेल तर ते काही सेकंद दाबून धरा. अनेक मॉडेल्समध्ये एवढ्याने पद्धत बदलते आणि यादीतलं नावही बदलतं. नाही बदललं तर x360ce हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या कंट्रोलरला नव्याचं सोंग देतं. एक्सइनपुटची मर्यादा चार कंट्रोलरची आहे. पाचव्याने वाट पाहावी.

सुरुवात सुपरटक्सकार्टपासून करावी. ही गाड्यांच्या शर्यतीची गेम मोफत आहे आणि जुने कंट्रोलरही चालवून घेते. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठलं बटण कशासाठी, हे आपणच ठरवायचं. अडचण येते ती पडद्याची. चौघांसाठी पडद्याचे चार तुकडे होतात, म्हणजे साडेपंधरा इंची लॅपटॉपवर प्रत्येकाच्या वाट्याला मोठ्या मोबाइलपेक्षा थोडीच जास्त जागा. शिवाय एकच दृश्य चार कोनांतून रंगवताना साधा लॅपटॉप दमतो आणि गाड्या अडखळत धावतात. रिझोल्यूशन कमी केलं की बराच फरक पडतो.

म्हणून खोलीसाठी माझी पसंती टॉवरफॉलला. अख्खं रणांगण एकाच पडद्यावर मावतं, त्यामुळे तुकडे नाहीत. प्रत्येकाकडे मोजके बाण आणि एक बाण लागला की खेळाडू बाद. मारलेला बाण भिंतीत रुततो, तो जाऊन उचलावा लागतो, आणि बाण संपलेला गडी कुठे धावणार हे बाकीच्या तिघांना दिसत असतं. सगळी मजा त्या धावण्यात आहे. फेरी झटपट संपते, त्यामुळे बाद झालेला फार वेळ बसून राहत नाही.

ही गेम विकत घ्यावी लागते. जीओजीवर घेतली तर इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवता येतो आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. स्टीमवर घेतली असेल तर घरच्या वायफायवर ती एकदा सुरू करून पाहा आणि मग स्टीमचा ऑफलाइन मोड लावा. x360ce सुद्धा तेव्हाच उतरवून, कंट्रोलर जोडून तपासा. हॉस्टेलवर पोहोचल्यावर यातलं काहीच करता येणार नाही.