ज्वर उतरल्यानंतरचा मेंदू

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या मुकादमाचा सारा कारभार त्याच्या अवधानावर चालतो. कोणत्या कोयत्याला, म्हणजे कोणत्या जोडप्याला, किती उचल दिली, कोणाची गाडी किती टनांची भरली, कोणाच्या खाड्याचे किती पैसे कापावयाचे, हा तपशील वहीत उतरण्यापूर्वी त्याच्या डोक्यात उभा असतो. असा एखादा इसम करोनातून किंवा डेंगीतून उठतो, त्याला अन्न रुचू लागते, आणि तरीही बेरीज करताना कोणी हाक मारली की तो हातचा विसरतो व रकाना पुन्हा वरपासून मोजू लागतो. तेव्हा घरची माणसे अशक्तपणाकडे बोट दाखवतात आणि तो स्वतः मात्र आपल्याला भ्रम होत असल्याच्या धास्तीत राहतो.

‘ब्रेन फॉग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत स्मृतीचे दफ्तर बहुधा शाबूत असते. मंदावतो तो विचाराचा वेग, आणि ढिली पडते ती एक गोष्ट हाती धरून दुसरी करण्याची शक्ती. म्हणूनच खूण पटवून दिली की त्याला सारे आठवते, दवाखान्यातील छोटीशी स्मरणपरीक्षा तो सहज उत्तीर्ण होतो, आणि एमआरआयही पुष्कळदा निर्दोष येतो. ही तक्रार काल्पनिक मात्र नव्हे: इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक लोकांची चाचणी घेऊन 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, करोनाची लक्षणे रेंगाळलेल्यांची बौद्धिक कामगिरी सरासरीने अल्प, पण निश्चित उणी आढळली. रेंगाळणारा दाह, मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आवरणातील गळती, सूक्ष्म गुठळ्या, अशी कारणे पुढे मांडली जातात. कोणत्या रुग्णात कोणते लागू, याचा निवाडा अद्याप झालेला नाही, आणि खात्रीचे औषधही नाही.

परंतु ज्यांना औषध आहे अशी कारणे याच नावाखाली दडून बसतात, आणि मला अधिक चिंता त्यांची वाटते. माळकरी घरातील ब-12 जीवनसत्त्वाची उणीव (मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने ती वाढू शकते), रक्तक्षय, थायरॉईडची मंदता, अनावर साखर, मोडलेली झोप, खिन्नता, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, यांचा छडा तालुक्याच्या रुग्णालयातील रक्ततपासणीने व नीट विचारपूस करून बव्हंशी लागतो. पुढील तपासणीची गरज भासल्यास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, आकडी, ताप असताना मान ताठणे, अथवा एकाएकी असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. हिशेब चुकू लागले, परिचित वाट चुकली, किंवा त्रास ओसरण्याऐवजी वाढत चालला, तर मुदतीची वाट पाहू नये; एरवी जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या करोनोत्तर अवस्थेच्या व्याख्येतील तीन महिन्यांचा टप्पा फेरतपासणीला योग्य होय. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी लक्षणे बळावत असतील, तर कामाचे तुकडे पाडून मध्ये विसावा घ्यावा. नेटाने रेटल्याने अपाय होतो.

अडचण अशी की दसऱ्याच्या सुमारास आजारी पडलेल्याचा तिसरा महिना कारखान्याच्या फडावर, कोपीत उजाडतो. तेव्हा रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि ताप आल्याची तारीख लिहिलेला कागद उचलीच्या वहीतच ठेवून न्यावा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला आरंभापासून चौकशी करावी लागणार नाही.