मंडपाचा फोटो छान, पण सजावट कशाची? असा करा फोटोंचा निवाडा

नागपूर : गणपती बसले की दुसऱ्या दिवसापासून गावाच्या ग्रुपवर मंडपांचे फोटो यायला लागतात. नवरात्रात पुन्हा तेच. काही ठिकाणी फोटो मागवून नंबरही काढले जातात आणि नावीन्य, सुरक्षितता व पर्यावरणपूरक साहित्य असे तीन निकष ठरवले जातात. राज्य शासनाच्या उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ स्पर्धेतही थर्माकोल-प्लॅस्टिकविरहित सजावटीला गुण असतात. पण फोटो पाहून हे ठरवायचं कसं? त्यातही हे तीन निकष एकमेकांच्या आड येतात, हे बऱ्याच परीक्षकांच्या लक्षात येत नाही.

समजा, तुमच्यापुढे तीन फोटो आहेत. पहिल्यात पांढरंशुभ्र कोरीव मंदिर, त्यावर निळे लाइट. दुसऱ्यात शेतकऱ्याची झोपडी : बांबूचे तट्टे, तुराट्या, वर तणसाचं छप्पर, आत समई आणि मूर्तीवर हॅलोजनचा झोत. तिसऱ्यात पुठ्ठ्याची गावची जुनी शाळा, मागे सुती लुगड्यांचे पडदे. हा तिसरा फोटो जरा मळकटच दिसतो. लाइक मोजले तर पहिला येणार. परीक्षकाला ‘इको फ्रेंडली’ दिसतो दुसरा.

पहिल्यापासून सुरुवात करू. फोटो मोठा करून खांबाची किंवा कमानीची कापलेली कड पाहा. साबुदाण्यासारखे बारीक दाणे दिसले तर ते थर्माकोल. पुठ्ठ्याच्या कडेला दोन कागदांमध्ये नागमोडी रेघ दिसते. ऑइल पेंट आणि स्प्रेनं थर्माकोल विरघळतं, म्हणून त्यावर बहुधा पाण्यातला, चमक नसलेला रंग असतो. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू झाली. त्यामुळे हे मंदिर थर्माकोलचं निघालं तर गुण कापण्याचा प्रश्नच उरत नाही, ते स्पर्धेतूनच बाद. शिवाय थर्माकोल पेटलं की वितळून थेंबथेंब खाली पडतं आणि काळा धूर सोडतं.

नावीन्यही याच फोटोवर तपासून घ्या. गूगल लेन्सवर फोटो टाकला की तसेच दुसरे फोटो समोर येतात. तेच मंदिर, तीच कमान चार शहरांत दिसली तर तो भाड्यानं आणलेला तयार सेट असण्याची शक्यता जास्त. सेट भाड्यानं आणणं गुन्हा नाही, एकच सेट दहा गावांत वापरला गेला तर कचरा कमीच होतो. पण नावीन्याचे गुण त्याला कसे द्यायचे? एखाद्या प्रसिद्ध मंदिराची प्रतिकृती असेल तर कल्पना उसनी असली तरी हात कोणाचे, हे विचारावं. काम चालू असतानाचे दोन फोटो मागितले की उत्तर मिळतं.

फसवणारी आणखी एक वस्तू म्हणजे ‘कापड’. पिशव्यांचं ते पातळ, रंगीत नॉन-वोव्हन कापड प्लॅस्टिकच्याच धाग्यांचं असतं. जवळून पाहिलं तर त्यावर ठिपक्यांची छाप दिसते आणि फाडलं तर सुताचे दोरे सुटत नाहीत. मंडपाचं चकचकीत सॅटिन आणि बहुतेक स्वस्त साड्याही कृत्रिम धाग्याच्या असतात. म्हणून ‘जुन्या साड्यांची सजावट’ असं लिहिलेलं दिसलं की साड्या सुती आहेत का, हे आधी विचारा. आपल्या तिसऱ्या फोटोत सुती लुगडी आहेत, ही जमेची बाजू.

आता दुसरा फोटो, आणि खरा पेच इथंच आहे. बांबू, तुराटी, तणस सगळं मातीत जाणारं. नावीन्यही आहे, कारण झोपडी गावातल्या पोरांनी स्वतः बांधली. पण वर्षभर वाळलेली तुराटी कशी पेटते, हे चूल पेटवणाऱ्या घराला सांगायला नको. त्यात समई आत आणि हॅलोजन छपराला लागून. हॅलोजनची काच इतकी तापते की जवळचं तणस किंवा कापड धुमसू लागतं. 2 ऑक्टोबर 2022 ला उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यात, औराई भागात दुर्गापूजेच्या मंडपाला आरतीच्या वेळी आग लागली. मंडप गुहेसारखा बनवलेला होता. हॅलोजनच्या उष्णतेनं वायर तापल्याचं तपासात पुढं आलं. लहान मुलांसह अनेकांचा त्यात जीव गेला.

तात्पुरत्या मंडपांच्या आगीपासून बचावासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 8758 हे मानक आहे. त्यातल्या काही गोष्टी फोटोतही दिसू शकतात. मंडप विजेच्या चालू तारांखाली नसावा, छत निदान 3 मीटर उंच असावं, कृत्रिम कापड व दोर वापरू नयेत, बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वाटा असाव्यात. पण समोरून काढलेल्या फोटोत मूर्ती आणि आरास एवढंच येतं. म्हणून प्रत्येक मंडळाकडून तीन फोटो सक्तीनं मागवा : एक रस्त्यावरून, ज्यात वरच्या तारा दिसतील, एक मूर्तीकडून दाराकडे, आणि एक मागच्या बाजूच्या वायरिंगचा. मागचा फोटो द्यायला मंडळ टाळाटाळ करत असेल तर त्याचाही अर्थ घ्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही फोटोत दिसत नाही : कापड आणि तट्टे आगरोधक पाण्यात बुडवले होते का? याची जुनी रीत वजनाच्या भागांत अशी : अमोनियम सल्फेट 4, अमोनियम कार्बोनेट 2, बोरॅक्स 1, बोरिक ॲसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. म्हणजे 35 लिटर पाण्याला 4 किलो अमोनियम सल्फेट, आणि बाकीचं त्याच हिशेबानं. सुती कापड, बारदाना, तट्टे यात भिजवून वाळवतात. कृत्रिम कापडावर ते नीट बसत नाही. आणि हे पाण्यात विरघळणारं असल्यानं भाद्रपदातला एक जोरदार पाऊस ते धुऊन नेतो, तेव्हा उघड्या बाजूचं काम पुन्हा करावं लागतं. तपासायचं तर वाळलेली छोटी पट्टी मंडपापासून दूर, मोकळ्या जागी धरून काडी लावावी. काडी काढताच ज्योत विझली तर काम झालं. जळतच राहिली तर नाही. मंडळांनी या चाचणीचा छोटा व्हिडिओ फोटोसोबत पाठवावा.

गुण देताना प्रत्येक निकषाला 10 ठेवून बेरीज केली तर घोटाळा होतो. झोपडीला नावीन्याचे 8, साहित्याचे 10 आणि सुरक्षिततेचे 2 दिले तरी बेरीज 20 येते. शाळेला 6, 7 आणि 6 मिळून 19. म्हणजे पेटू शकणारा मंडप पहिला! म्हणून सुरक्षिततेत 5 पेक्षा कमी मिळालेला फोटो पुढच्या फेरीत घेऊच नये. त्याआधी मात्र मंडळाला फोन करून एक दिवस द्यावा. समई बाहेर दगडी ओट्यावर, हॅलोजनच्या जागी एलईडी, तट्टे आणि तणसाला आगरोधक पाणी आणि मागून दुसरी वाट, एवढं केलं की तीच झोपडी सुरक्षिततेत 6 वर जाते आणि 24 गुणांनी शाळेच्या पुढं निघते. नवे फोटो आले की गुण पुन्हा मोजायचे.