शनिवारचं शूट आणि बुधवारचा ताप

पावसाळा संपत आला की पुण्या-मुंबईत दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात. साडीच्या दुकानांची दिवाळीच्या कॅटलॉगसाठी घाई सुरू होते आणि डेंगीचे रुग्णही वाढू लागतात. एकट्याने काम करणाऱ्या छायाचित्रकाराच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, तर त्याच्या जागी उभं राहायला कार्यालयात दुसरं कुणी नसतं. ठरलेल्या शूटला आपण येऊ शकत नाही, हे ग्राहकाला त्यालाच सांगावं लागतं आणि पर्यायही त्यालाच शोधावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका फ्रीलान्स छायाचित्रकाराचं शनिवारी साडीच्या कॅटलॉगचं शूट आहे. तीस साड्या, एक मॉडेल, मेकअप करणारी ताई आणि आठ तासांसाठी भाड्याने घेतलेला स्टुडिओ असा सगळा बेत ठरला आहे. सोमवारी रात्री त्याला ताप भरतो. बुधवारी दुपारी एनएस-१ चाचणीचा अहवाल येतो आणि डेंगी असल्याचं कळतं.

इथे पहिला मोह होतो तो थांबून बघण्याचा. ‘शुक्रवारपर्यंत ताप उतरला तर जाता येईल,’ असं वाटणं साहजिक आहे. पण डेंगीत हाच हिशेब फसतो. ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो आणि धोक्याचा काळ अनेकदा तो उतरू लागल्यावर सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याची आणि रक्तस्राव होण्याची भीती असते. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणं ही त्याची लक्षणं. सोमवारी रात्री ताप सुरू झालेल्या माणसाचा शनिवार नेमका या टप्प्यात पडू शकतो. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊन दिवस निभावून नेणं तर आणखी घातक, कारण या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यानंतरही थकवा काही आठवडे टिकू शकतो. लाइट आणि स्टँड उचलून दिवसभर उभं राहणं तेवढ्यात जमत नाही.

म्हणून ग्राहकाला कळवायचं ते बुधवारीच. आधी फोन आणि मग तेच लेखी व्हॉट्सॲपवर. मधल्या तासाभरात बदली छायाचित्रकाराला फोन करून शनिवार मोकळा आहे का, हे विचारून घ्यावं. पण त्याचा फोन लागला नाही म्हणून ग्राहकाचा फोन उद्यावर ढकलू नये. मॉडेलची तारीख आणि स्टुडिओ हलवायचे, तर दुकानदाराच्या हातात उरलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

निरोप साधारण असा हवा: ‘नमस्कार ताई. मला डेंगी झाल्याचं आज निदान झालंय. शनिवारचं शूट मला करता येणार नाही, याचं फार वाईट वाटतं. दोन मार्ग आहेत. शनिवारी ठरल्या वेळी माझे सहकारी येतील, त्यांची कामं सोबत पाठवतोय. दर तोच राहील. किंवा डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः करेन. स्टुडिओशी आजच बोलतो. तुम्हाला कोणतं सोयीचं पडेल, ते उद्या दुपारपर्यंत कळवाल का?’ अहवालाचा फोटो पाठवण्याची गरज नसते. ‘जरा बरं वाटत नाहीये, बघू’ असा निरोप मात्र निरुपयोगी, कारण त्यावरून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही.

आजाराचं नाव सांगणं एरवी ऐच्छिक असलं, तरी संसर्गजन्य आजारात ते सांगायलाच हवं. डोहाळजेवणाच्या शूटची जागा बघायला जाऊन आलेल्या छायाचित्रकाराला दुसऱ्या दिवशी कांजिण्या उठल्या, तर त्या घरातल्या गर्भवतीला तातडीने कळायला हवं. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही घेतली नसेल, तर डॉक्टरांकडे लवकर पोचणं महत्त्वाचं ठरतं.

आता दुकानाकडे वळू. कॅटलॉग पुढच्या शुक्रवारी छपाईला जायचं असल्यामुळे मालकीणबाई बदली माणूस स्वीकारतात. आजारी छायाचित्रकाराचं काम इथे संपत नाही. साड्यांचा क्रम, प्रत्येक साडीच्या हव्या त्या फ्रेम आणि गेल्या वर्षीच्या कॅटलॉगचे फोटो तो सहकाऱ्याकडे पाठवतो. लाइट कुठे होते, लेन्स कोणती होती, व्हाइट बॅलन्स किती ठेवला होता, हेही लिहून देतो.

पैठणीबद्दल तो वेगळी सूचना देतो. धूपछांव पैठणीत उभा आणि आडवा धागा वेगवेगळ्या रंगांचा असतो, त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की साडीचा रंगही बदललेला दिसतो. दोन्ही रंग दाखवणारी एक तरी फ्रेम नसेल, तर गिऱ्हाईक फोटोतला रंग मागतं आणि दुकानात वाद होतो. म्हणून प्रत्येक लाइट बदलताना कलर चार्टसह एक फ्रेम घ्यायची. मूळ रॉ फाइल्स आजारी छायाचित्रकाराकडे येतात आणि अंगात त्राण आल्यावर रंगसंस्कार तोच करतो. त्यामुळे नवी पानं जुन्या कॅटलॉगशी जुळतात.

पैशांचं गणित आधीच स्पष्ट हवं. समजा, काम ३०,००० रुपयांचं आहे आणि १०,००० आगाऊ मिळालेत. सहकारी ३५,००० घेतो. दुकानाने उरलेले २०,००० च द्यायचे. वरचे ५,००० मूळ छायाचित्रकार सोसतो. बदली माणूस दुकानाला मान्य नसेल आणि नवी तारीखही जमत नसेल, तर आगाऊ रक्कम परत करायची.

या व्यवहारामागे १८७२ चा भारतीय करार कायदा उभा आहे. त्याच्या कलम ६५ मधलं एक उदाहरण जवळजवळ याच प्रसंगाचं आहे. मैफिलीत गाण्यासाठी १,००० रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारपणामुळे गाऊ शकला नाही, तर आयोजकाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने देण्याची गरज नाही. ते १,००० रुपये मात्र परत करावे लागतात. कलम ४० सांगतं, की एखादं काम त्याच व्यक्तीने करावं असा दोघांचा हेतू असेल, तर ते तिनेच करायचं. चित्र काढून देण्याचं वचन हे तिथलं उदाहरण. याचा अर्थ, बदली छायाचित्रकार परस्पर पाठवून देता येईल असं गृहीत धरू नये, ग्राहकाची संमती घ्यावी. कलम ४१ नुसार ग्राहकाने दुसऱ्याकडून काम स्वीकारलं, की तेच काम पुन्हा मूळ माणसाकडे मागता येत नाही. तो व्हॉट्सॲपवरचा होकार म्हणून जपून ठेवायचा.

लग्नाच्या कामात नव्या तारखेचा मार्गच बंद असतो, मुहूर्त कुणासाठी हलत नाही. तिथे बुकिंगच्या वेळीच पर्यायी छायाचित्रकाराचं नाव, त्याच्या कामाचे नमुने आणि दरातला फरक कोण देणार, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेता येतात. मग लग्नाच्या आदल्या रात्री ताप आला, तरी वधूच्या वडिलांना फोनवर नवं नाव पटवून द्यावं लागत नाही. त्यांनी ते महिनाभर आधीच पाहून मान्य केलेलं असतं, आणि मांडवात कुठे उभं राहायचं हे त्या दुसऱ्या छायाचित्रकारालाही ठाऊक असतं.