पाचात एक, हजारात किती?

८ एप्रिल २०२०. मालेगावात करोनाचे पहिले पाच बाधित सापडले आणि त्यातला एक जण दगावल्याचंही त्याच वेळी कळलं. पाचात एक म्हणजे २० टक्के! नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्चअखेर लासलगाव परिसरात निघाला होता, तेव्हा काळजी होती. मालेगावच्या बातमीने मात्र जिल्ह्याच्या पोटात गोळा आला. आकडा खरा होता आणि भागाकारही बरोबर होता. तरीही त्या २० टक्क्यांवरून हा आजार किती जीवघेणा आहे, हे काहीच कळत नव्हतं. ते का, हे समजायला थोडी गमतीची, थोडी अंगावर येणारी आकडेमोड पाहावी लागते.

मृत्युदर एक नाही, दोन

बातम्यांत नुसतं ‘मृत्युदर’ म्हणतात, पण त्या एका शब्दात दोन वेगळी मापं लपलेली असतात. तपासणीत सापडलेल्या रुग्णांपैकी किती गेले, हा झाला केस फॅटॅलिटी रेट, थोडक्यात सीएफआर. ज्यांच्या ज्यांच्या शरीरात विषाणू शिरला त्या सगळ्यांपैकी किती गेले, हा इन्फेक्शन फॅटॅलिटी रेट, म्हणजे आयएफआर. यात साधा सर्दी-खोकला झालेले येतात, काहीच न झालेले येतात आणि तपासणीच्या वाटेला न गेलेलेही येतात. दोन्हींत वर मृत्यूच असतात, बदलतो तो खालचा आकडा.

नाशिककरांना हे कांद्याच्या चाळीवरून चटकन उमगेल. चाळीत कांदा भरून महिना झालाय आणि एका कोपऱ्यातून वास येऊ लागलाय. शेतकरी तोच कोपरा उपसतो आणि पाटीभर कांद्यांतले निम्मे सडलेले निघतात. म्हणून अख्खी चाळ निम्मी गेली, असं कोणी म्हणत नाही, कारण पाटी भरली तीच मुळी वासाच्या जागेवरून. साथीच्या पहिल्या आठवड्यांत तपासणी अशीच होते. दम लागलेला, दवाखान्यात पोहोचलेला, अत्यवस्थ झालेला माणूस आधी तपासला जातो. मालेगावचे पहिले पाच हे त्या वासाच्या कोपऱ्यातले पाच होते.

बारा भागिले दोनशे

एप्रिल संपता संपता मालेगावात बाधितांचा आकडा दोनशेच्या आसपास होता आणि मृत्यू बारा. म्हणजे साधारण ६ टक्के. तीन आठवड्यांत २० चे ६ झाले! विषाणू काही तेवढ्यात मवाळ झाला नव्हता. वाढली होती ती तपासणी, त्यामुळे सौम्य त्रास असलेलेही आता मोजणीत येऊ लागले होते.

आता एक खेळ करू. समजा, मोजल्या गेलेल्या प्रत्येक बाधितामागे शहरात आणखी ४९ जण न मोजलेले होते. हा आकडा निव्वळ मानलेला आहे, हिशेब दिसावा म्हणून. मग खरे बाधित झाले दहा हजार. बारा भागिले दहा हजार म्हणजे ०.१२ टक्के. ६ टक्क्यांवरून एका उडीत इथे येऊन पोहोचलो. इथवर आलेला माणूस हायसं वाटून थांबतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कारण खालचा आकडा अपुरा असू शकतो, तसा वरचाही.

त्याच एप्रिलमध्ये मालेगावच्या कब्रस्तानांतली दफनं आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी वाढल्याचं वृत्तपत्रांनी तेव्हाच नोंदवलं होतं. यंत्रमागांच्या दाट वस्तीतले कित्येक खासगी दवाखाने बंद होते, लोक सरकारी तपासणीला बिचकत होते. त्या जादा मृत्यूंत उपचार न मिळालेले हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे रुग्ण किती आणि चाचणीच न झालेले करोनाचे किती, हे कबरीवरून वेगळं काढता येत नाही. पण आपल्या खेळात बाराच्या जागी छत्तीस धरले, तर ०.१२ चे ०.३६ होतात, थेट तिप्पट. अधिकृत बाराच खरे मानून आयएफआर काढणारा अभ्यास त्यामुळेच संशयाने वाचावा लागतो. म्हणून सावध अभ्यासक आणखी एक मोजमाप घेतात: नेहमीच्या वर्षी त्या महिन्यात जेवढे मृत्यू होतात, त्यापेक्षा या वर्षी किती जास्त झाले? त्यात निदानाची चिठ्ठी लागत नाही, मृत्यूची नोंद पुरते. तीही झाली नसेल, तर मात्र हा मार्गही खुंटतो.

उलटा फसवणारा आकडा

सुरुवातीचे आकडे नेहमी जास्तच घाबरवतात असं वाटत असेल, तर २००३ चा सार्स आठवा. साथ भरात असताना जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४ टक्क्यांच्या घरात होता. मे महिन्यात तो १४-१५ टक्क्यांवर गेला. शेवटी ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू असा हिशेब लागला, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. इथे आधीचा आकडा निम्म्याहून कमी निघाला!

कारण साधं आहे. माणूस बाधित म्हणून आज मोजला जातो, पण त्याचं काय झालं हे दोन-तीन आठवड्यांनी कळतं. हिशेब करून पाहा. समजा, सापडलेल्या शंभरातले पाच दगावतात, मृत्यू दोन आठवड्यांनी होतो आणि एकूण रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होतात. रुग्ण १०० होते, मग २०० झाले, आज ४०० आहेत. आजवरचे मृत्यू मात्र त्या जुन्या १०० मधले, म्हणजे पाच. पाच भागिले चारशे केलं की उत्तर येतं सव्वा टक्का, आणि खरा दर आहे पाच. साथ जितक्या वेगाने वाढते तितका हा आकडा खोटा धीर देतो. पुढे रुग्णवाढ थांबली की मृत्यू मागून येऊन गाठतात आणि ‘विषाणू घातक झाला’ अशी ओरड होते. चाळीतही आज हातात कडक लागलेला कांदा आतून सडायला लागलेला असू शकतो, तो कळतो पुढच्या उपसणीला.

म्हणजे एकाच वेळी दोन ओढी असतात. सौम्य रुग्ण न सापडल्याने दर फुगतो आणि मृत्यू मागाहून येत असल्याने आक्रसतो. कोणती ओढ जास्त जोराची आहे, हे नुसत्या भागाकाराकडे बघून ओळखता येत नाही.

एका रात्रीत टक्क्याहून जास्त

१५ जून २०२० ला महाराष्ट्रात एकूण १,१०,७४४ रुग्ण आणि ४,१२८ मृत्यू होते. दर ३.७ टक्के. दुसऱ्या दिवशी मृत्यू झाले ५,५३७ आणि दर ४.९! त्या दिवसाचे मृत्यू होते ८१. उरलेले १,३२८ आधीच्या दिवसांतले, नोंदींचा ताळमेळ घालताना जमेस धरलेले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे. आलेखावर ही उंच काठी दिसली की आधी ‘हे मृत्यू कोणत्या तारखांचे?’ असं विचारायचं. नोंदीचा दिवस आणि मृत्यूचा दिवस एकच असतो, असं धरून चालत नाही.

काढा आणि परिपत्रक

मग आला ‘मालेगाव पॅटर्न’. मे उलटता उलटता मालेगावचे रुग्ण झपाझप बरे होऊन घरी जाऊ लागले आणि तिथल्या युनानी काढ्याची ख्याती दूरवर पोहोचली. पण ८ मे २०२० ला केंद्राने घरी सोडण्याचा नियम बदलला होता. तोवर रुग्णाला सोडण्याआधी चाचण्या निगेटिव्ह याव्या लागत. नव्या नियमात सौम्य रुग्णाला ताप नसेल, तर दहा दिवसांनी चाचणीशिवाय सोडता येऊ लागलं. अहवालाची वाट पाहत बसलेले, तब्येतीने कधीच बरे झालेले लोक आता एकदम ‘बरे’च्या रकान्यात जाणार, हे उघड होतं. काढ्याने काही झालं की नाही, हे ठरवायला काढा घेतलेले आणि न घेतलेले सारख्या वयाचे, सारख्या त्रासाचे दोन गट लागतात. बरे होण्याच्या वाढत्या टक्क्यावरून ते ठरत नाही. मला मालेगावकरांचा अभिमान समजतो. त्या शहराने फार सोसलं होतं.

रक्ताने दिलेलं उत्तर

मग खालचा खरा आकडा मिळवायचा कसा? लक्षणं असोत-नसोत, कुणाच्याही घरात जाऊन रक्त घ्यायचं आणि त्यात प्रतिपिंडं शोधायची. जुलै २०२० मध्ये मुंबईत नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांत हेच केलं. सुमारे सात हजार नमुने घेतले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला निघाला! तेव्हा मुंबईचा नोंदलेला मृत्युदर साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता. महापालिकेने या पाहणीवरून काढलेला संसर्ग-मृत्युदर ०.०५ ते ०.१० टक्के, म्हणजे दहा हजारांत पाच ते दहा.

नंतर शोधनिबंधात सुधारित हिशेब आला: झोपडपट्टीत ०.०७६ टक्के, बाहेर ०.२६३ टक्के. बाहेरचा दर तिपटीहून जास्त! झोपडपट्टीत तरुण जास्त, म्हातारे कमी, हे एक कारण. दुसरी शक्यता अशी की तिथले काही मृत्यू नोंदलेच गेले नाहीत. कमी दर दिसला की या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

रक्ताच्या तपासणीतही एक खोच आहे. समजा, चाचणी शंभर निरोगी माणसांतल्या एकाला चुकून ‘झाला होता’ म्हणते. मुंबईच्या ५७ टक्क्यांत ही चूक विरून जाते. पण ज्या गावात खरोखर शंभरातल्या एकालाच संसर्ग झालाय, तिथे एक खरा आणि एक खोटा असे दोन सापडतात. बाधित दुप्पट दिसतात आणि आयएफआर निम्मा. साथ नुकती शिरलेल्या ठिकाणच्या पाहण्या म्हणूनच सगळ्यात नाजूक.

एकाच घरातले वेगवेगळे दर

आयएफआर हासुद्धा विषाणूच्या अंगावर छापलेला आकडा नाही. लस येण्यापूर्वीच्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवरून काढलेले अंदाज पाहा: पंचविशीत ०.०१ टक्के, पंचावन्नाव्या वर्षी ०.४, पंचाहत्तरीत ४.६, पंचाऐंशीत १५. मालेगावच्या एखाद्या एकत्र कुटुंबात एका रात्री सगळ्यांना संसर्ग झाला असेल, तर यंत्रमागावर जाणाऱ्या नातवाला दहा हजारांत एक धोका होता आणि त्याच खोलीत झोपलेल्या त्याच्या पंचाहत्तरीच्या आजोबांना दर बावीसांत एक.