पुलाचा खर्च वाढला, म्हणजे नेमकं काय वाढलं?

‘पुलाचा खर्च 20 कोटींवरून 26 कोटींवर’ अशी बातमी वाचली की आपला पहिला संशय ठेकेदारावर जातो. कधी तो खराही असतो. पण त्या 6 कोटींत निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पाया ठरवल्यापेक्षा खोल न्यावा लागला, संकल्पचित्र बदललं, नवी कामं जोडली गेली, हा एक भाग. काम तेच राहिलं, पण सिमेंट, सळई, डिझेल आणि मजुरी महागली, हा दुसरा. या दुसऱ्या भागाचा हिशेब करारातल्या एका कलमानं होतो. सरकारी कागदांत त्याला ‘प्राइस व्हेरिएशन’ म्हणतात, साइटवर सगळे नुसतं ‘एस्कलेशन’ म्हणतात आणि आपण भाववाढ म्हणू.

हे कलम नसेल तर दोन वर्षांनी सळई काय भावानं मिळेल याचा अंदाज ठेकेदाराला निविदा भरतानाच बांधावा लागतो. शहाणा माणूस तो वरचाच बांधणार, आणि भाव चढले नाहीत तरी ते जादा पैसे सरकारच्या, म्हणजे आपल्याच, खिशातून जाणार. कमी अंदाज बांधणारा स्वस्तात काम घेईल आणि भाव चढल्यावर ते अर्ध्यावर टाकेल. म्हणून लांब मुदतीच्या कामांत बाजारभावाची जोखीम ठेकेदाराच्या डोक्यावरून बरीचशी उतरवली जाते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात हे कलम 10सीसी या नावानं ओळखलं जातं आणि ते 12 महिन्यांहून जास्त मुदतीच्या कामांना लागू होतं.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारांत हा हिशेब दर तिमाहीला होतो. एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका तिमाहीत पुलाचं 2 कोटींचं काम झालं. त्यात 100 टन सळई लागली. निविदेत तिचा मूळ दर, ज्याला स्टार रेट म्हणतात, टनाला 50,000 रुपये होता, म्हणजे 50 लाखांची सळई. सिमेंट 30 लाखांचं. या दोन्हींचा हिशेब वेगळा होतो, म्हणून ते 80 लाख बाजूला काढले. उरले 1 कोटी 20 लाख.

या रकमेत मजुरीचा वाटा किती धरायचा हे निविदेतच लिहिलेलं असतं. तो 25 टक्के धरू. मजुरी किती वाढली हे ठेकेदाराच्या हजेरीपटावरून ठरत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतं. निविदा भरायची शेवटची तारीख ज्या महिन्यात येते त्याच्या आधीच्या तिमाहीची सरासरी हा पाया. समजा तो निर्देशांक 120 होता आणि आता 132 आहे. वाढ 10 टक्के. 1 कोटी 20 लाखांचे 25 टक्के म्हणजे 30 लाख, त्याचे 10 टक्के म्हणजे 3 लाख. पण तेवढे मिळत नाहीत. सूत्रात 0.85 नं गुणायचं असतं, म्हणून हातात पडतात 2 लाख 55 हजार. वाढीचा उरलेला 15 टक्के भाग ठेकेदारानं सोसायचा असतो. इतर साहित्य आणि इंधन यांचाही हिशेब याच चालीनं होतो.

सळईला ही 15 टक्क्यांची कात्री लागत नाही. पोलादाचा निर्देशांक 30 टक्क्यांनी चढला तर 50 लाखांवर थेट 15 लाख. त्याच तिमाहीत सिमेंट 5 टक्क्यांनी उतरलं असेल तर दीड लाख कापून घेतले जातात. भाववाढीचं कलम भाव उतरल्यावर ठेकेदाराकडून वसूलही करतं, हे बातमीत क्वचितच येतं.

या सगळ्यात खरेदीचं बिल कुणी पाहत नाही, आणि मला तरी या कलमाची खरी ताकद आणि खरी उणीव दोन्ही तिथेच दिसतात. निर्देशांक 30 टक्के वाढला म्हणजे सळई 65,000 रुपये टन धरली गेली. ठेकेदाराला ती त्याच्या गावच्या बाजारात 72,000 ला पडली असेल, तर टनामागे 7,000 म्हणजे 100 टनांवर 7 लाखांचा खड्डा त्याचाच. उलट ज्यानं काम सुरू होताच 50,000 नं सळई घेऊन ठेवली, त्याला ते 15 लाख निव्वळ मिळतात. खोटी बिलं जोडून पैसे उकळायची वाट यामुळे बंद होते, पण प्रत्यक्ष झळ आणि मिळालेली भरपाई यांचा मेळ बसेलच असं नाही.

निर्देशांक वापरतानाही एक मोठी चूक होऊ शकते. सप्टेंबर 2020 पासून ग्राहक किंमत निर्देशांकाचं पायाभूत वर्ष 2001 ऐवजी 2016 झालं. ऑगस्टचा अखिल भारतीय आकडा 338 होता, सप्टेंबरचा 118.1. नुसते आकडे सूत्रात घातले तर महागाई एका महिन्यात दोन-तृतीयांशानं उतरल्याचं दिसेल आणि ठेकेदाराकडूनच मोठी वसुली निघेल. नवा आकडा आधी जोडगुणकानं गुणायचा असतो. अखिल भारतीय आकड्यासाठी तो 2.88 आहे, गुणल्यावर 340 येतात आणि खरी, किरकोळ वाढ दिसते. केंद्रागणिक हा गुणक वेगळा असतो, म्हणून करारात ज्या शहराचा निर्देशांक लिहिलाय त्याच शहराचा गुणक घ्यावा लागतो. बिलात मजुरीचा भाग अचानक मोठा उणे दिसला, तर आधी हेच तपासावं.

तरीही या कलमावरची खरी भांडणं गणितावरून होत नाहीत, ती होतात उशिरावरून. 24 महिन्यांचं काम 40 महिने चाललं, तर वरच्या 16 महिन्यांची भाववाढ कुणी द्यायची? पुलाच्या जोडरस्त्याची जमीन विभागाला ताब्यात देता आली नाही, म्हणून काम थांबलं असेल, तर मुदतवाढीबरोबर भाववाढही चालू राहते. ठेकेदारानं माणसंच लावली नाहीत, म्हणून दंड बसला असेल, तर दंड सुरू झाल्याच्या तारखेला निर्देशांक गोठवले जातात. पुढे भाव कितीही चढोत, हिशेब त्या पातळीवरच होतो. खरं आयुष्य मात्र इतकं सरळ नसतं. चार महिने जमिनीचे, दोन पावसाचे, तीन ठेकेदाराच्या हयगयीचे, आणि तेही एकमेकांत मिसळलेले. म्हणून काम कधी, कशामुळे अडलं याची नोंद ठेवणारं हिंडरन्स रजिस्टर आणि त्या त्या वेळी लिहिलेली पत्रं पुढे लाखमोलाची ठरतात. मुदतवाढीच्या आदेशात ‘भाववाढीशिवाय’ असा शब्द घुसला आणि ठेकेदारानं मुकाट सही केली, तर नंतर हक्क मागणं फार अवघड होतं.

आणि करारात कलमच नसेल तर? सैन्याला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1960 मध्ये सांगितलं की युद्धामुळे खर्च अनपेक्षित वाढला एवढ्या कारणानं ठरलेला भाव बदलून मागता येत नाही. मात्र उशीर सरकारच्या चुकीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. के. एन. सत्यपालन यांच्या केरळमधल्या कामात कलम नसतानाही न्यायालयानं ठेकेदाराला वाढीव खर्च मिळू दिला, कारण राज्यानं आपली बाजू वेळेवर पार पाडली नव्हती.

फ्लॅट घेणाऱ्यांशीही याचा थेट संबंध आहे. रेरा कायद्याखाली महाराष्ट्रानं ठरवलेल्या विक्री कराराच्या नमुन्यात किंमत भाववाढमुक्त आहे असं लिहिलेलं आहे; अपवाद फक्त सरकार किंवा स्थानिक संस्था वाढवतील त्या विकासशुल्कांचा आणि आकारांचा. सिमेंट महागलं म्हणून बिल्डरनं जादा पैसे मागितले, तर करारातलं ते वाक्य त्याच्यापुढे ठेवता येतं.