टाचेपासून ३८ सेंटिमीटर

रात्रीचे पावणेनऊ वाजायला आले आहेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात रिक्षा थांबते. आत बेचाळीस वर्षांचा एक माणूस आडवा पडला आहे. कपाळावर बांधलेला रुमाल रक्ताने भिजलाय आणि उजवा पाय हलवला की तो कळवळतो. सोबत आलेला भाऊ म्हणतो, "रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं." थोड्या वेळाने पोलीस शिपाई 'यादी' घेऊन येतो. जखमीला तपासून प्रमाणपत्र द्यावे, असे पोलीस ठाण्याचे पत्र म्हणजे ही यादी.

प्रसंग कल्पित आहे, पण महामार्गालगतच्या कोणत्याही रुग्णालयाला तो ओळखीचा वाटेल. ड्यूटीवरचा वैद्यकीय अधिकारी आधी रक्त थांबवतो, श्वास आणि नाडी पाहतो. उपचार पहिले, कागद नंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हा क्रम कायमचा ठरवून दिला. तो कागद म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर अहवाल. रुग्णालयात त्याला नुसते 'एमएलसी' म्हणतात आणि पोलिसांकडे जाणाऱ्या प्रतीला 'इंज्युरी सर्टिफिकेट'. पुढे फौजदारी खटल्यात आणि नुकसानभरपाईच्या दाव्यातही हाच कागद वाचला जातो.

घाईत लिहिलेला अहवाल बहुतेकदा असा असतो: "टेम्पोने धडक दिल्याने अपघात. कपाळावर जखम, अंगावर अनेक ठिकाणी खरचटलेले, उजवा पाय फ्रॅक्चर. रुग्ण दारूच्या नशेत. जबर दुखापत." चार छोटी वाक्ये. त्यातले एकही उलटतपासणीत धड उभे राहत नाही.

पहिलेच वाक्य घ्या. डॉक्टर रस्त्यावर नव्हते, त्यांनी टेम्पो पाहिलेला नाही. त्यांनी ऐकले ते भावाकडून. म्हणून नीट लिहिलेला अहवाल म्हणतो: "सोबत आलेल्या भावाने सांगितल्यानुसार, आज सायंकाळी साडेसातच्या सुमारास रस्ता ओलांडताना टेम्पोची धडक बसल्याचे कथित." 'कथित' या शब्दाने भावावर अविश्वास दाखवला जात नाही. ही माहिती कुणाची, एवढेच त्यातून नोंदवले जाते. माहिती कुणी दिली, जखमी स्वतः बोलत होता का, कोणत्या शिपायाने आणले आणि त्याचा बक्कल नंबर काय, तपासणी किती वाजता सुरू झाली, हे सगळे त्याच्याच जोडीला येते. ओळख पटावी म्हणून अंगावरच्या दोन खुणा आणि अंगठ्याचा ठसाही घेतला जातो. चूक कुणाची, टेम्पो भरधाव होता का, हे मात्र डॉक्टरने लिहायचे नसते. ते पोलिसांनी तपासायचे आणि न्यायालयाने ठरवायचे.

यानंतर येते ते डोळ्यांनी पाहिलेले. अहवालाचे खरे बळ इथे असते. 'अंगावर अनेक ठिकाणी खरचटलेले' यातून न्यायालयाला काहीच कळत नाही. प्रत्येक जखमेला क्रमांक हवा. त्यापुढे तिचा प्रकार, लांबी-रुंदी, शरीरावरची जागा आणि रंग. जागाही नुसती 'कपाळावर' अशी नको, शरीरावरच्या ठरावीक खुणेपासून मोजलेली हवी. आपल्या जखमीच्या नोंदी अशा होतील:

"जखम एक: कपाळाच्या डाव्या बाजूला, डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकापासून तीन सेंटिमीटर वर, चार सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, हाडापर्यंत खोल फाटलेली जखम. कडा वेड्यावाकड्या, आत मातीचे कण, रक्त झिरपत आहे.

जखम दोन: डाव्या हाताच्या मनगट ते कोपर भागावर बाहेरच्या बाजूने बारा गुणिले सहा सेंटिमीटर खरचटलेले. लालभडक, खपली धरलेली नाही. सालपट कोपराच्या टोकाला गोळा झालेले.

जखम तीन: उजव्या पायावर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने आठ गुणिले पाच सेंटिमीटर मुका मार, निळसर लाल. मध्यबिंदू टाचेपासून ३८ सेंटिमीटर उंचीवर. त्या ठिकाणी सूज, दाबल्यास तीव्र वेदना, पाय वाकडा दिसतो. एक्स-रे सांगितला आहे."

टाके घातल्यावर कपाळाच्या जखमेचे मूळ माप हाती लागत नाही. म्हणून रक्तस्राव आटोक्यात असेल तर पट्टी आधी आणि सुई नंतर. वेड्यावाकड्या कडांची नोंदही अशीच मोलाची. कपाळ किंवा नडगीवर कातडीखाली लगेच हाड असते. तिथे बोथट आघाताने फाटलेली जखमही सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. भिंगातून पाहिले की कडा चेचलेल्या आणि जखमेच्या तळाशी ऊतींचे न तुटलेले धागे दिसतात. ते नोंदवले नाही, तर पुढे कुणीही विचारू शकतो: हा अपघात की मारहाण?

सालपट कुठे गोळा झाले, हेही असेच बोलके असते. रस्ता कातडीवरून ज्या दिशेने घासत जातो, त्या टोकाला सोललेली कातडी जमा होते. रंगावरून जखमेचे वय कळते. ताजे खरचटलेले लालभडक असते, दिवसभरात खपली धरू लागते आणि पुढच्या दिवसांत ती तपकिरी, मग काळपट होते. मुक्या माराचा रंग मात्र माणसागणिक बदलतो. कधी तो दुसऱ्या दिवशीच उमटतो. म्हणून काळजी घेणारा डॉक्टर जखमीला पुन्हा तपासून पुरवणी नोंद करतो.

आता ते ३८ सेंटिमीटर. पायी चालणाऱ्याला गाडी धडकते तेव्हा पहिला मार बहुधा बंपरचा, पायावर बसतो. नंतर तो रस्त्यावर आपटतो आणि घासत जातो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. डाव्या कडेकडून रस्ता ओलांडायला निघालेल्या माणसावर जवळची गाडी त्याच्या उजवीकडून येते. इथे मुका मार उजव्या पायावर आहे, तर फाटलेली आणि खरचटलेली जखम डाव्या अंगाला. भावाने सांगितलेल्या हकिकतीशी हे चित्र जुळते.

समजा, टेम्पोचालकाने न्यायालयात सांगितले, "मी धडकलोच नाही, तो स्वतःच तोल जाऊन पडला." मोटार वाहन निरीक्षकाने बंपरची उंची मोजलेली असेल, तर अहवालातली उंची तिच्याशी ताडून पाहता येते. अर्थात हा पुरावा निर्णायक नसतो. ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली झुकते आणि मार नेहमीपेक्षा खाली बसतो. पण 'उजवा पाय फ्रॅक्चर' एवढेच लिहिलेले असेल, तर ताडून पाहायलाच काही उरत नाही.

दारूबद्दलचे वाक्य सगळ्यात घातक. डोक्याला मार लागलेला माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो, कधी चिडतो, झोकांड्या जातो. दारू न पिताही हे सगळे होते. म्हणून 'नशेत' हा निष्कर्ष लिहायचा नाही, दिसले ते लिहायचे: श्वासाला दारूसारखा वास आहे की नाही, बोलणे कसे, बाहुल्या कशा, वेळ-काळाचे भान आहे का. गरज असेल तर रक्ताचा नमुना घेऊन सीलबंद करायचा. तो घेताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, नाहीतर नमुन्यावरच शंका येते. वाहनचालकासाठी कायद्याने १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा ठरवली आहे. ती ओलांडली का, हे प्रयोगशाळा सांगते, नाक सांगत नाही. आपला जखमी पायी होता. तरी चाचणीशिवाय लिहिलेला 'नशेत' हा एक शब्द हाती धरून 'चूक त्याचीच' असा बचाव उभा राहू शकतो.

शेवटी डॉक्टरचे मत. जखम साधी की जबर, यावर गुन्ह्याचे कलम ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार, बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीने साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. जबर कशाला म्हणायचे, त्याचे आठ प्रकार कलम ११६ मध्ये दिले आहेत. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे हा त्यातला एक. पण एक्स-रे निघेपर्यंत हाड मोडले असे डॉक्टरला म्हणता येत नाही, म्हणून त्या रात्री मत असे हवे: "जखम एक आणि दोन साध्या स्वरूपाच्या. जखम तीनबाबतचे मत एक्स-रे अहवालापर्यंत राखून ठेवले आहे." दुसऱ्या दिवशी फिल्म येते. मग तिचा क्रमांक, तारीख, उजवी बाजू आणि मोडलेल्या हाडाचे नाव लिहून मत पुरे केले जाते. फिल्मचा क्रमांक नसलेले 'फ्रॅक्चर' कोर्टात लंगडे पडते.

आठव्या प्रकाराबद्दल तर सर्रास गैरसमज आहे. पूर्वीच्या दंड संहितेत वीस दिवसांची अट होती, नव्या कायद्यात ती पंधरा दिवसांची झाली. पण पंधरा दिवस खाटेवर राहिला म्हणून जखम आपोआप जबर ठरत नाही. त्या काळात तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीचे व्यवहार करता येत नव्हते, हे नोंदीतून दिसावे लागते. 'जिवाला धोका' हेही अतिदक्षता विभागात ठेवले म्हणून लिहायचे नाही. धोका कोणत्या जखमेमुळे, ते सांगावे लागते.

जखमा कशाने झाल्या, यावरही मर्यादेत राहून लिहायचे असते: "जखमा कठीण व बोथट वस्तूच्या आघाताने किंवा तिच्याशी घासल्याने झालेल्या असून, त्यांचे वय तपासणीवेळी २४ तासांच्या आतले. कथित हकिकतीशी सुसंगत." 'सुसंगत' म्हणजे अशा घटनेत अशा जखमा होऊ शकतात, इतकेच. बचाव पक्षाचे वकील विचारतात, "हाताला खरचटणे नुसत्या पडण्यानेही होऊ शकते ना?" प्रामाणिक उत्तर 'हो' असेच आहे, आणि ते दिल्याने अहवालाला धक्का लागत नाही. पायावरची जखम आणि तिची मोजलेली उंची जागच्या जागी राहते.

अपंगत्वाची टक्केवारी हा वेगळा कागद. हाड जुळून पाय स्थिर झाल्यावर तपासणी करून तो दिला जातो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शारीरिक अपंगत्व किती ते डॉक्टरने सांगायचे. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरण ठरवते. सारखेच अपंगत्व आलेले हमाल आणि कारकून यांचे नुकसान सारखे नसते.

घरातल्या कुणाला अपघात झालाच, तर डॉक्टरांना हकिकत सांगताना पाहिले तेवढेच सांगा. पाहिले नसेल तर कुणाकडून कळले ते सांगा. अहवालाची प्रत हातात आल्यावर चार गोष्टी तपासा: नाव आणि वेळ, जखमांचे क्रमांक, डावी-उजवी बाजू आणि एक्स-रेचा क्रमांक. कुठे चूक दिसली तर तिथल्या तिथे अर्ज देऊन दुरुस्ती मागा. मूळ नोंद खोडू नये. तिच्याखाली तारीख आणि सहीसह पुरवणी नोंद करून घ्यावी.